गरम सपाट प्लेटवरची लॅमिनार हवा: फिल्म टेंपरेचर, सरासरी h आणि तीन वेगवेगळी उत्तरं

प्रश्न: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात इन-प्लँट ट्रेनिंग करतोय. वाफेवर तापणारी आडवी, सपाट लोखंडी प्लेट आहे, ६० सेंमी × १ मीटर, पृष्ठभाग १२०°से. ब्लोअरची ४०°से.ची हवा ५ मी/सेकंद वेगाने ६० सेंमीच्या बाजूने वाहते. मी सगळे गुणधर्म ४०°ला घेतले तर h ११.४ आला, मित्राला फिल्म टेंपरेचरला ११.२५, तिसऱ्याला ५.६. बरोबर कोणतं? आणि फरक एवढासाच असेल तर फिल्म टेंपरेचर हवंच कशाला?

उत्तर: मित्राचं उत्तर बरोबर आहे. तिसऱ्याने सरासरीच्या जागी प्लेटच्या शेवटच्या कडेचा h काढलाय. तुमची पद्धत चुकली, तरी उत्तर जवळ आलं. ते का आलं, हे कळलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं.

आधी गणित एका जागी मांडून घेऊ. डेटा बुकमधली कोरड्या हवेची ८०°ची ओळ घ्यायची आणि लांबी म्हणून हवेच्या दिशेतले ०.६ मीटर.

```
Tf = (120 + 40)/2 = 80 °C
ν = 21.09e-6 m²/s   k = 0.03047 W/m·K   Pr = 0.692
Re = 5 × 0.6 / 21.09e-6 = 1.42e5   (< 5e5)
Nu = 0.664 × Re^0.5 × Pr^(1/3)
   = 0.664 × 377.2 × 0.8845 = 221.5
h  = 221.5 × 0.03047 / 0.6 = 11.25 W/m²·K
Q  = 11.25 × 0.6 × (120 - 40) = 540 W
```

शेवटच्या ओळीत वजाबाकी १२० आणि ४० ची आहे, हे नीट पाहा. फिल्म टेंपरेचरचं काम गुणधर्मांची ओळ निवडून देण्यापुरतं आहे. उष्णता काढताना फरक धरायचा तो पृष्ठभाग आणि लांबची हवा यांच्यातला. तिथे १२० वजा ८० केलं की उत्तर बरोबर निम्मं येतं, आणि ही चूक परीक्षेच्या पेपरांत फार दिसते.

आता ८० का, ते बघू. प्लेटला चिकटलेली हवा १२०°ची असते आणि वर मोकळ्या प्रवाहात ४०°ची. हा सगळा बदल एका पातळ थरात होतो. तुमच्या प्लेटवर हवा ज्या कडेला पहिल्यांदा लागते तिथे या थराची जाडी जवळपास शून्य असते. मागच्या कडेपर्यंत, म्हणजे ६० सेंमीवर, वेगाचा थर सुमारे ८ मिलिमीटर होतो (`5L/√Re`). हवेचा प्रांटल नंबर एकापेक्षा कमी असल्यामुळे तापमानाचा थर त्याहून थोडा जाड, सुमारे ९ मिलिमीटर असतो. करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी जागेत हवा ८० अंशांनी थंड होते, आणि उष्णतेला होणारा सगळा अडथळा याच थरात असतो.

०.६६४ चं सूत्र ज्या गणितातून येतं त्यात चिकटपणा, उष्णतावहन आणि घनता सगळीकडे सारखी धरलेली आहे. प्रवाहाचा भाग ब्लाझियसने १९०८ मध्ये सोडवला आणि उष्णतेचा भाग पोलहाउझनने १९२१ मध्ये. प्रत्यक्षात त्या ९ मिलिमीटरमध्ये हे गुणधर्म वरपासून खालपर्यंत बदलत असतात. मग सूत्रात एकच आकडा घालायचा तर कुठला? थराच्या दोन टोकांची सरासरी घेतली तर उत्तर खऱ्याच्या पुरेसं जवळ येतं, म्हणून फिल्म टेंपरेचर. ती निसर्गातली वेगळी राशी नाही, ठरवलेलं संदर्भ तापमान आहे. म्हणूनच प्रत्येक सूत्र कुठल्या तापमानाचे गुणधर्म मागतं, ते त्या सूत्राखालीच वाचायचं. नळीतल्या प्रवाहाच्या बऱ्याच सूत्रांना द्रवाचं सरासरी तापमान लागतं, काहींना मोकळ्या प्रवाहाचं तापमान आणि वर दुरुस्तीचा गुणक. सपाट प्लेटच्या या सूत्राला मात्र फिल्म टेंपरेचरच.

तुमचं उत्तर तरीही जवळ का आलं? सूत्रात h हा k भागिले √ν च्या प्रमाणात आहे. प्रांटल नंबर हवेत जवळजवळ हलत नाही. ४०° वरून १२०° ला गेलं की k ०.०२७५६ वरून ०.०३३३८ होतो, म्हणजे २१ टक्के वाढतो. ν १६.९६ वरून २५.४५ होतो, म्हणजे दीडपट. पण त्याचं वर्गमूळ २२ टक्क्यांच्या आसपासच वाढतं. वरचा आणि खालचा आकडा सारखेच वाढले, त्यामुळे भागाकार जागच्या जागी राहिला. सगळे गुणधर्म ४०°चे घेतले तर ११.४, ८०°चे घेतले तर ११.२५, १२०°चे घेतले तर ११.२. लॅमिनार प्रवाहात हवेच्या बाबतीत हा योग जुळून येतो आणि ओळ चुकली तरी h फारसा बिघडत नाही.

पण हा दिलासा एकाच अटीवर आहे: सगळे गुणधर्म एकाच ओळीतून घेतलेले हवेत. कुणी ν ४०°चा घेतला आणि k १२०°चा, की h १३.८ येतो. उलट केलं की ९.२. म्हणजे ११.२५ च्या भोवती एकीकडे २२ टक्के जास्त, दुसरीकडे १८ टक्के कमी. खरी चूक इथे होते, आणि ती घाईत सहज होते: रेनॉल्ड्स नंबर आधी हवेच्या तापमानावर काढून ठेवलेला असतो, मग कुणीतरी फिल्म टेंपरेचरची आठवण करून देतं आणि फक्त शेवटच्या पायरीतला k बदलला जातो. तुमच्या कागदावर हे घडलंय का, हे ताडून बघायला सोपं आहे. `ν/k` चं गुणोत्तर त्या तापमानाच्या ओळीशी जुळतंय का ते पाहा.

डेटा बुकमधली दुसरी घसरण म्हणजे शेजारचा रकाना. ν आणि थर्मल डिफ्युजिव्हिटी जवळजवळ असतात, दोन्हींचं एकक m²/s, दोन्हींवर १०⁶ चा गुणक. ८०°ला डिफ्युजिव्हिटी सुमारे ३०.५ आहे. ती ν समजून घातली तर h सुमारे ९.४ येतो. आकडा दिसायला पटण्यासारखा असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

ओळ चुकण्याचे परिणाम दोन ठिकाणी खरोखर दिसतात. एक म्हणजे रेनॉल्ड्स नंबर. ४०°च्या ν ने तो १.७७ लाख येतो, १२०°च्या ν ने १.१८ लाख. तुमच्या प्लेटवर दोन्ही ५ लाखांच्या खाली असल्यामुळे निर्णय बदलत नाही. पण प्लेट दोन मीटर लांब असती तर ८०°ला तो ४.७ लाख आला असता आणि ४०°ला ५.९ लाख. मग एकाने लॅमिनारचं सूत्र लावलं असतं आणि दुसऱ्याने मिश्र प्रवाहाचं. तिथे उत्तरात मोठी तफावत पडते.

दुसरं म्हणजे तेल. इंजिन ऑइलचा ν ४०°ला सुमारे २४० × १०⁻⁶ आणि ८०°ला ३७ × १०⁻⁶ च्या आसपास असतो, म्हणजे साडेसहापट फरक. प्रांटल नंबरही २८०० च्या वरून ५०० च्या खाली येतो. हीच प्लेट तेलात असती आणि प्रवाह लॅमिनार असता, तर ४०°चे गुणधर्म घेऊन काढलेला h फिल्म टेंपरेचरच्या h पेक्षा सुमारे पाव भागाने कमी आला असता. हवेत जुळलेला योग तेलात जुळत नाही. म्हणून सवय फिल्म टेंपरेचरचीच ठेवा, हवा असो की तेल.

आता ५.६ कडे येऊ. ०.३३२ चा गुणक त्या विशिष्ट ठिकाणच्या, म्हणजे पुढच्या कडेपासून x अंतरावरच्या h साठी असतो. तो h अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटत जातो, कारण पुढे पुढे थर जाड होतो. शून्यापासून L पर्यंत त्याची बेरीज करून L ने भागलं की बरोबर दुप्पट येतं, ०.६६४ हा आकडा तिथून आला. म्हणून ५.६ हा प्लेटच्या मागच्या कडेवरचा h आहे आणि ११.२५ पूर्ण प्लेटचा सरासरी.

याच गणितातून प्रत्यक्षात उपयोगी पडणारी गोष्ट निघते. पुढच्या कडेपासून १५ सेंमीवर, म्हणजे लांबीच्या चौथ्या हिश्शावर, तिथला h बरोबर सरासरीइतका असतो. आणि पुढच्या कडेपासून जाणारी एकूण उष्णता अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणून पहिल्या १५ सेंमीतूनच निम्मी उष्णता निघून जाते, उरलेल्या ४५ सेंमीतून बाकीची निम्मी. प्लेटचा पुढचा पट्टा वाफेच्या जॅकेटच्या बाहेर राहिला असेल आणि गरम भाग मागून सुरू होत असेल, तर वरचं सूत्र जसंच्या तसं लागू होत नाही. वेगाचा थर आधीच वाढलेला असतो आणि तापमानाचा थर मागून सुरू होतो. अशा वेळी गरम न केलेल्या सुरुवातीच्या लांबीची दुरुस्ती घ्यावी लागते. जॅकेट कुठून कुठपर्यंत आहे, हे ड्रॉइंगमध्ये आधी बघा.

त्याच कारणाने L म्हणजे प्लेटची मोठी बाजू नाही, हवा जिच्यावरून जाते ती बाजू. ब्लोअर फिरवून हवा १ मीटरच्या बाजूने सोडली तर प्लेट तीच, क्षेत्रफळ तेच, पण h ८.७ आणि उष्णता सुमारे ४१८ वॅट.

सोलापूरसाठी एक दुरुस्ती मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती कुणी घेत नाही. डेटा बुकमधला ν समुद्रसपाटीच्या दाबाचा असतो. सोलापूर सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब साधारण ९६ किलोपास्कल, म्हणजे प्रमाण दाबाच्या ०.९५ पट. चिकटपणा, k आणि प्रांटल नंबर या फरकाने बदलत नाहीत; घनता कमी होते, म्हणून ν त्या प्रमाणात वाढतो. तुमच्या उदाहरणात ν २२.३ × १०⁻⁶ होतो, रेनॉल्ड्स नंबर १.३५ लाख आणि h १०.९. फरक तीन टक्क्यांच्या आतला आहे. पण गंमत बघा, तुम्ही ज्या ४०° की ८०° च्या फरकाने अडखळलात तो जेमतेम एक टक्क्याचा होता. दाबाचा परिणाम त्याहून मोठा आहे.

इथवर कागदावरचं झालं. कारखान्यातली प्लेट याच आकड्यावर वागेल का? पृष्ठभाग सगळीकडे सारख्या तापमानाचा धरणं इथे योग्य आहे. १२०°ची वाफ म्हणजे गेजवर साधारण १ बार, आणि बाहेरचा h इतका कमी आहे की १० मिलिमीटर जाड लोखंडात अर्धा अंशही उतरत नाही. अट एवढीच की जॅकेटमध्ये पाणी किंवा हवा साचलेली नसावी. एक कोपरा बाकीच्यापेक्षा १० ते १५ अंश थंड लागला तर स्टीम ट्रॅप किंवा एअर व्हेंट तपासा, सूत्राला दोष देऊ नका. तापमान इन्फ्रारेड गनने घेत असाल तर चकचकीत प्लेटवर ती बरंच कमी दाखवते. एका छोट्या ठिपक्यावर उष्णता सहन करणारा काळा मॅट रंग लावून तिथे मोजा.

वेग मोजताना अॅनिमोमीटर प्लेटला चिकटवून धरू नका. त्या ८ मिलिमीटरच्या थरात वेग शून्यापासून ५ पर्यंत चढत असतो आणि पंख्याचं चाक तो थर आणि वरचा प्रवाह एकत्र करून भलताच आकडा देतं. प्लेटपासून ५–६ सेंमी वर धरा. हवेचं तापमान प्लेटच्या पुढे, हवा येते त्या बाजूला घ्या. प्लेटवरून आलेल्या हवेचं नको.

सगळ्यात मोठी शंका लॅमिनारबद्दलच आहे. ५ लाखांची मर्यादा शांत, एकसारख्या प्रवाहासाठी आणि धारदार पुढच्या कडेसाठी सांगितलेली आहे. ब्लोअरमधून निघालेली हवा आधीच घुसळलेली असते, आणि प्लेटची कड बोथट असेल किंवा तिथे बोल्टचं डोकं वर आलेलं असेल तर थर तिथूनच टर्ब्युलंट होऊ शकतो. अशा परिस्थितीत रेनॉल्ड्स नंबर १ लाखाच्या आसपासही संक्रमण होतं, आणि तुमचा १.४ लाख आहे. पूर्ण प्लेट पहिल्या कडेपासूनच टर्ब्युलंट धरली तर `Nu = 0.037 Re^0.8 Pr^(1/3)` ने h २२ येतो. म्हणजे खरा आकडा ११ आणि २२ च्या मध्ये कुठेही असू शकतो, आणि तो फिल्म टेंपरेचरवरून ठरणार नाही.

मोजून ठरवायचं असेल तर कंडेन्सेट गोळा करा. प्लेटची खालची बाजू आणि कडा नीट इन्सुलेट केलेल्या असाव्यात आणि प्लेटवर कापड नसावं. आधी रेडिएशन हिशोबात घ्या. काळवंडलेल्या लोखंडाची उत्सर्जकता ०.८ धरली आणि भोवतालच्या भिंती ४०°च्या, तर वरच्या बाजूने सुमारे ३९० वॅट नुसत्या रेडिएशनने जातात. हवेने ५४० वॅट जात असताना हे विसरून चालत नाही. प्लेट घासून चकचकीत केलेली असेल तर हाच आकडा १०० वॅटच्या आसपास उतरतो.

काळवंडलेल्या प्लेटसाठी लॅमिनार धरून एकूण साधारण ९३० वॅट. १२०°च्या वाफेची सुप्त उष्णता २२०० किलोज्यूल प्रति किलो, म्हणून तासाला दीड किलो कंडेन्सेट यायला हवं. टर्ब्युलंट असेल तर १४५० वॅटच्या आसपास, म्हणजे तासाला २.४ किलो. दोन्हींत इतकं अंतर आहे की साध्या काट्यावरही कळतं. ट्रॅपमधून येणारं पाणी उघड्या बादलीत सोडलं तर त्यातलं काही पुन्हा वाफ होऊन उडून जातं. त्यामुळे बादलीत आधी थंड पाणी घेऊन तिचं वजन करा, नळीचं तोंड पाण्यात बुडवा आणि तासाभराने पुन्हा वजन करा. प्लेट पूर्ण तापून स्थिर झाल्यावरच वेळ सुरू करायची, नाहीतर लोखंड तापवायला लागलेली वाफही मोजली जाते. ट्रॅपमधून कोरडी वाफ गळत असेल तर ती बादलीत येऊन थंड होते आणि वजन फुगवते. तो आधी तपासा.

ब्लोअरचा वेग कमी केलात तर आणखी एक गोष्ट मध्ये येते. तुमच्या आकड्यांना `Gr/Re²` ०.०५ च्या आसपास आहे, म्हणून गरम हवेचं आपोआप वर जाणं इथे बाजूला ठेवता येतं. २ मी/सेकंदला हेच गुणोत्तर ०.३ च्या पुढे जातं. सूत्र h ७.१ देतं, आणि हवा मुळीच वाहत नसती तरी या आकाराच्या आडव्या गरम प्लेटवर नैसर्गिक संवहनाचा h ६.९ च्या आसपास असतो. १ मी/सेकंदला तर सूत्र ५ दाखवतं, म्हणजे स्थिर हवेपेक्षाही कमी. कागदावर असा आकडा आला की लॅमिनार सूत्राची हद्द संपली असं समजा आणि मिश्र संवहनाचा हिशोब घ्या.